एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला उत्तर: मालकाचा रागातला मसुदा पुन्हा कसा लिहायचा

हॉटेलबद्दल कुणी जहरी रिव्ह्यू लिहिला की मालक उत्तर लिहायला बसतो तो त्या गेस्टला डोळ्यांपुढे ठेवून. पण तो गेस्ट येऊन, राहून, चिडून गेलेला असतो. ते उत्तर खरं वाचणारा माणूस वेगळाच असतो. तो आज रात्री दोन-तीन हॉटेलं तुलना करत बसलेला असतो आणि मुद्दाम सगळ्यात वाईट रिव्ह्यू आधी उघडतो. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: हे माझ्याही बाबतीत होईल का, आणि झालं तर ही माणसं माझ्याशी कशी वागतील. तक्रार कितीही कडक असो, उत्तरात या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर तो बुकिंग करतो.

म्हणून इथे एकच रिव्ह्यू घेऊ, त्यावर मालकाने रागात लिहिलेलं उत्तर घेऊ आणि ते पुन्हा लिहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातल्या तक्रारी कुठल्याही हॉटेलात घडतात अशाच आहेत.

रिव्ह्यू आणि पहिलं उत्तर

रिव्ह्यू, एक तारा:

> अत्यंत वाईट अनुभव. दोन रात्री राहिलो. दोन्ही दिवशी सकाळी अंघोळीला गरम पाणी नाही. खोलीत पाऊल टाकल्यापासून बाथरूममध्ये गटाराचा वास. रिसेप्शनला तीन वेळा फोन केला, कुणी फिरकलं नाही. शेवटी एक माणूस आला, म्हणाला सोलर आहे, ढगाळ असलं की असंच होतं, नळ सोडून ठेवा. आणि गेला. पैसे परत मागितले तर रिसेप्शनवरची मुलगी हसून म्हणाली, तशी पॉलिसी नाही. फोटो बघून फसू नका. पैसे पाण्यात.

मालकाचं पहिलं उत्तर:

> सर, आमचं हॉटेल गेली १५ वर्षं सुरू आहे आणि हजारो गेस्ट समाधानाने राहून गेले आहेत. गरम पाणी २४ तास उपलब्ध असते. आपण नळ थोडा वेळ सुरू ठेवला असता तर पाणी आले असते, हे स्टाफने आपल्याला सांगितलेही होते. वासाबद्दल चेक-इनच्या वेळी आपण काहीच बोलला नाहीत. सवलतीच्या दरात बुकिंग करून दोघांच्या खोलीत तिघे राहिलात, तेही आम्ही चालवून घेतले. पैसे परत मिळवण्यासाठी असे खोटे रिव्ह्यू लिहिणे योग्य नाही. तरीही आपली काही गैरसोय झाली असेल तर क्षमस्व.

आता हे उत्तर तिऱ्हाइताच्या नजरेने वाचा. १५ वर्षं आणि हजारो गेस्ट या वाक्याने त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. तो त्या हजारांत नाही, तो उद्या सकाळी अंघोळीला जाणार आहे. पुढच्याच दोन वाक्यांत मालकाने स्वतःलाच खोटं पाडलं आहे. पाणी २४ तास असतं म्हणायचं आणि लगेच नळ सोडून ठेवायला हवा होता म्हणायचं, म्हणजे पाणी वेळेवर येत नाही हे कबूलच केलं. वाचणाऱ्याच्या हे तत्काळ लक्षात येतं. लिहिणाऱ्याच्या येत नाही, कारण तो वाद जिंकायच्या नादात असतो.

वासाबद्दल ‘काहीच बोलला नाहीत’ हे वाक्य वास नव्हता असं म्हणत नाही. गेस्टने सांगितलं नाही, एवढंच म्हणतं. म्हणजे वास होता, आणि तो शोधणं हे गेस्टचं काम होतं असा अर्थ निघतो. सवलत आणि तिसऱ्या माणसाचा उल्लेख तर सगळ्यात महागात पडणारा. गेस्ट किती जण होते, किती पैसे दिले, ही त्याची खासगी माहिती आहे. ती चव्हाट्यावर आलेली पाहून पुढचा गेस्ट विचार करतो की उद्या माझंही काही असंच बाहेर येईल. कुणासोबत राहिला, कोणत्या खोलीत, कोणत्या तारखांना, कोणत्या कार्डाने पैसे भरले, यातलं काहीही उत्तरात नको, मग ते तुमच्या बाजूचं कितीही भक्कम असो.

शेवटचं वाक्य माफीसारखं दिसतं, पण ती माफी नाही. ‘काही गैरसोय झाली असेल तर’ यात झाली की नाही याचीच शंका घेतली आहे. समोरच्याने पाच ओळींत काय झालं ते सांगितल्यावर ‘असेल तर’ म्हणणं म्हणजे तू खोटं बोलतोयस असं सभ्य भाषेत सांगणं.

लिहिण्याआधी: माहिती गोळा करा

रागाचा मसुदा शब्द बदलून शांत होत नाही. तो शांत होतो तो काय घडलं हे नक्की कळल्यावर. मालकाला जेव्हा काहीच माहीत नसतं तेव्हाच तो १५ वर्षांचा इतिहास सांगतो. म्हणून पहिला दिवस लिहिण्याचा नाही, विचारपूस करण्याचा.

आधी रिव्ह्यूचे तुकडे पाडा. आपल्या उदाहरणात सहा निघतात: गरम पाणी, वास, फोन, सोलरवाला खुलासा, पैसे परत न मिळणं आणि फोटो. प्रत्येकासमोर तीनपैकी एक शेरा लिहा: खरं, अर्धं खरं, चूक. शेरा तुमच्या आठवणीवरून नको, नोंदीवरून हवा. रिसेप्शनचं लॉगबुक, फोनच्या यंत्रणेतल्या कॉलच्या नोंदी, मेंटेनन्सचं तक्रार रजिस्टर आणि हाउसकीपिंगचा त्या खोलीचा तक्ता, एवढं पाहिलं की बहुतेक चित्र उभं राहतं. मग त्या शिफ्टच्या माणसांशी बोला, एकेकट्याशी, आणि ‘कुणाची चूक’ असं न विचारता ‘काय-काय झालं, क्रमाने सांग’ असं विचारा. चूक कुणाची असं विचारलं की प्रत्येक जण स्वतःला वाचवणारी गोष्ट सांगतो, आणि तीच गोष्ट पुढे तुमच्या उत्तरात उतरते.

गरम पाण्याचं उदाहरण नीट पाहू, कारण इथेच ‘पाणी २४ तास असतं’ म्हणणारा मालक मनापासून खरं बोलत असतो आणि तरीही चुकलेला असतो. बॉयलरमध्ये पाणी खरंच २४ तास गरम असतं. प्रश्न ते खोलीपर्यंत पोचण्याचा आहे. मोठ्या हॉटेलात बॉयलरपासून टोकाच्या खोलीपर्यंत पाइप लांब असतो. त्यातलं पाणी रात्रभर वापर नसला की थंड होतं. ते फिरतं ठेवायला पाणी बॉयलरकडे परत नेणारी रिटर्न लाइन आणि छोटा सर्क्युलेशन पंप असतो, आणि वीज वाचावी म्हणून त्या पंपाला टायमर लावलेला असतो. या उदाहरणात टायमर सकाळी साडेसहाचा होता आणि गेस्ट पावणेसहाला अंघोळीला उठला होता.

हिशेब सोपा आहे. पाइप ६० मीटर लांब आणि आतून ३२ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्यात जवळपास ४८ लिटर पाणी मावतं. शॉवरमधून मिनिटाला ६ लिटर पाणी येत असेल तर तेवढं थंड पाणी निघून जायला ८ मिनिटं लागतात. गार पडलेला पाइप स्वतः तापायला आणखी थोडा वेळ खातो. मेंटेनन्सच्या माणसाने पहाटे साडेपाचला पंप बंद असताना त्याच खोलीत नळ सोडून घड्याळ लावलं तर ९ मिनिटं भरतात. बाथरूममध्ये गारठत उभ्या असलेल्या माणसाच्या लेखी ९ मिनिटं म्हणजे गरम पाणी नाहीच. आणि हॉटेल अर्धं रिकामं असलं तर हे आणखी जाणवतं, कारण त्या लाइनवर आधी कुणी पाणी ओढलेलंच नसतं. शेरा: खरं.

वासाचं कारण आणखी साधं. बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी साठून राहतं आणि तेच गटाराचा वायू वर येऊ देत नाही. खोली काही आठवडे बंद राहिली की ते पाणी सुकतं आणि वाट मोकळी होते. हाउसकीपिंगच्या तक्त्यावरून कळतं की ती खोली तीन आठवडे दिलीच नव्हती. चेक-इनच्या आधी सुवासिक फवारा मारल्यामुळे तपासणाऱ्याला वास आला नाही, तासाभराने फवारा विरल्यावर गेस्ट खोलीत आला, त्याला तो लगेच आला. शेरा: खरं.

फोनच्या नोंदीत दोनच कॉल दिसतात, ५ वाजून ५० आणि ६ वाजून २५ मिनिटांनी. माणूस पोचला ६ वाजून ५० मिनिटांनी. गेस्ट तीन म्हणतो, नोंद दोन म्हणते. इथे मालकाला हुरूप येतो, कारण गेस्टची एक चूक हाती लागली. तो मोह सोडा. तिसरा फोन रिसेप्शन दुसऱ्या लाइनवर असताना लागलाच नसेल, किंवा गेस्टने मोबाइलवरून केला असेल. आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन की तीन याला काही महत्त्व नाही. माणूस यायला तास लागला, याला आहे. शेरा: मुद्द्याला धरून खरं.

सोलरचा खुलासा मात्र चूक आहे. हॉटेलात पाणी बॉयलरवर तापतं. स्टाफच्या माणसाने वेळ मारून नेली असेल किंवा गेस्टची ऐकण्यात गफलत झाली असेल, नक्की कळायला मार्ग नाही. पण हा चुकीचा समज पुढच्या गेस्टला महत्त्वाचा वाटेल, कारण तो पावसाळी दिवसांतही येऊ शकतो. रिव्ह्यूमधल्या चुका दुरुस्त करण्याची कसोटी हीच: ज्या चुकीवरून पुढचा गेस्ट बुकिंगचा निर्णय बदलेल तेवढीच दुरुस्त करायची, बाकीच्या सोडून द्यायच्या.

‘हसून म्हणाली’ हे तपासता येत नाही. त्यामुळे ते मान्यही करू नका आणि नाकारूही नका. नाकारलं तर गेस्टला खोटं पाडलं, मान्य केलं तर स्वतःच्या माणसाला जगासमोर उभं केलं. त्याऐवजी त्यामागचं कारण शोधा. ते बहुधा असं निघतं की पैशाबद्दल ‘हो’ म्हणायचा अधिकार रिसेप्शनवर कुणालाच नव्हता, म्हणून तिथे ‘नाही’ सोडून दुसरं काही बोलताच येत नव्हतं. फोटोंची तक्रार मत म्हणून सोडून देता येईल, मात्र आधी एकदा तपासा की वेबसाइटवर त्याच प्रकारच्या खोलीचा फोटो आहे ना. नसेल तर फोटो बदला.

आधी दुरुस्ती, मग उत्तर

उत्तरात लिहायला काहीतरी घडलेलं हवं. ‘आम्ही याची गंभीर दखल घेतली आहे’ या वाक्यावर आता कुणाचा विश्वास बसत नाही, कारण ते काहीही न करता लिहिता येतं. आपल्या उदाहरणातल्या दुरुस्त्या एका दिवसाच्या आहेत. टायमर साडेसहावरून साडेचारवर आणणं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्याच खोलीत पुन्हा मोजणं. रिटर्न लाइन नीट चालत असेल तर आता उरतं ते खोलीपुरत्या आखूड फाट्यातलं पाणी, आणि ते मिनिटाच्या आत निघून जातं. तसं झालं नाही तर पंप किंवा व्हॉल्व्हमध्ये दोष आहे, तो काढल्याशिवाय उत्तरात काही लिहू नका. हाउसकीपिंगच्या तक्त्यात बंद खोल्यांसाठी एक रकाना वाढवायचा: आठवड्यातून एकदा नहाणी ट्रॅपमध्ये आणि बेसिनमध्ये पाणी ओतलं का. आणि रात्रपाळीच्या रिसेप्शनला लेखी अधिकार द्यायचा, की तक्रार अर्ध्या तासात सुटत नसेल तर न विचारता खोली बदलून द्यावी.

यात दोन ते तीन दिवस जातात. तेवढं थांबायला हरकत नाही. आठवडा उलटू देऊ नका, कारण तोवर तो रिव्ह्यू विनाउत्तर वाचला जात असतो. मोठी दुरुस्ती लांबणार असेल तर ‘काम सुरू आहे’ असं तारखेसह खरं लिहा. गूगलवरचं उत्तर नंतर संपादित करता येतं, त्यामुळे काम झालं की ओळ बदलता येईल. ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर प्रसिद्ध झालेलं उत्तर बदलता येत नाही. ते काढून नवं पाठवावं लागतं. म्हणून तिथे घाई करू नका.

पुन्हा लिहिलेलं उत्तर

> नमस्कार. दोन्ही सकाळी आपल्याला गरम पाण्यासाठी ताटकळावं लागलं आणि बाथरूममध्ये पहिल्यापासून वास होता. दोन्ही चुका आमच्या आहेत. मी आपली माफी मागतो.
>
> आम्ही तपासलं तेव्हा कळलं की गरम पाणी पाइपमधून फिरतं ठेवणारा पंप सकाळी साडेसहाला सुरू होत होता. त्याआधी टोकाच्या खोल्यांत गरम पाणी यायला नऊ मिनिटं लागत होती. आता पंप साडेचारला सुरू होतो. त्याच खोलीत पहाटे साडेपाचला मोजलं, तेव्हा मिनिटाच्या आत गरम पाणी आलं. आमच्याकडे पाणी सोलरवर नाही, बॉयलरवर तापतं, त्यामुळे ढगाळ हवेचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्याला चुकीचं कारण ऐकावं लागलं. वास येत होता तो नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकल्यामुळे. बंद असलेल्या खोल्यांत आता दर आठवड्याला ट्रॅप भरला जातो आणि त्याची नोंद ठेवली जाते.
>
> आपल्या पहिल्या फोननंतर माणूस यायला तास लागला. त्याच वेळी आपल्याला दुसरी खोली द्यायला हवी होती. तो अधिकार रात्रपाळीच्या रिसेप्शनला नव्हता, आता दिला आहे.
>
> पैशांबद्दल बोलण्यासाठी बुकिंगच्या वेळच्या ईमेलवर मी आपल्याला लिहिलं आहे.
>
> (नाव), मालक

हे दीडशेहून कमी शब्द आहेत. तरी असं उत्तर मोबाइलवर सुरुवातीला बहुधा अर्धवटच दिसतं आणि पुढचं उघडून वाचायचे कष्ट फार थोडे जण घेतात. म्हणूनच कबुली पहिल्या ओळीत आहे. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ या वाक्याने सुरुवात केली असती तर दिसणारी जागा त्यातच संपली असती.

वाक्यं अशी का आहेत

‘सर’ काढून टाकलं, कारण रिव्ह्यू लिहिणारा पुरुष आहे की स्त्री हे नावावरून नेहमी कळत नाही, आणि भांडणात ‘सर’ हा शब्द खोचक लागतो. ‘नमस्कार’ पुरतो. ‘आपण’ घेतलं की शेवटपर्यंत ‘आपण’च ठेवा. रागातल्या मसुद्यांत सुरुवात ‘आपणास’ने होते आणि मध्येच ‘तुम्ही लोक’ येतं. वाचणाऱ्याला तिथे आवाज चढलेला ऐकू येतो. दुसऱ्या टोकाला ‘आपणास कळविण्यात येते की’ अशी नोटिशीची भाषा. तीही नको. समोरासमोर बसून सांगितलं असतं तशी बोली वाक्यं लिहा.

माफीच्या वाक्यात कर्ता आहे. ‘गैरसोय झाली’ यात ती कुणी केली ते कळत नाही. ‘दोन्ही चुका आमच्या आहेत’ यात कळतं. ही कबुली नेमक्या दोन गोष्टींची आहे, सरसकट नाही, आणि म्हणून ती खरी वाटते. सगळ्याची माफी मागणारं उत्तर तक्रार वाचलीच नसल्यासारखं वाटतं. ज्या गोष्टीची चौकशी झाली नाही, तिची माफीही मागू नका.

उत्तरात ‘पण’ एकदाही आलेला नाही. मसुदा झाला की हा शब्द शोधा, ‘मात्र’, ‘तरीही’ आणि ‘परंतु’ही शोधा. ‘माफी मागतो, पण’ असं वाक्य असेल तर माफी तिथेच संपते. बहुतेक वेळा ‘पण’नंतरचा भाग पूर्ण काढला तरी काही बिघडत नाही. तो वाचणाऱ्यासाठी खरंच उपयोगाचा असेल, जसं सोलर आणि बॉयलरचं, तर त्याला स्वतंत्र वाक्य करा आणि दुरुस्तीच्या लगत ठेवा. इथे बॉयलरचं वाक्य आल्यावर लगेच ‘आपल्याला चुकीचं कारण ऐकावं लागलं’ आहे. त्यामुळे माहिती दुरुस्त होते आणि गेस्ट खोटा ठरत नाही. ‘खोटं’, ‘दिशाभूल’, ‘बदनामी’ हे शब्द तर कुठल्याच परिस्थितीत नकोत.

कारण किती सांगायचं, हा नाजूक भाग आहे. पंपाची वेळ सांगितली, पाइपची लांबी आणि व्यास सांगितला नाही. आकडेमोड तुमच्या खात्रीसाठी होती. वाचणाऱ्याला तीन टप्पे पुरतात: कशामुळे झालं, काय बदललं, बदललं हे कशावरून कळलं. यातला तिसरा टप्पा जवळपास सगळे विसरतात. ‘पंपाची वेळ बदलली’ एवढ्यावर थांबलं तर ते आश्वासन राहतं. ‘त्याच खोलीत, पहाटे साडेपाचला, मिनिटाच्या आत’ म्हटलं की ती तपासलेली गोष्ट होते. आणि उलटही खरं आहे: मोजलं नसेल तर आकडा लिहू नका. पुढचा गेस्ट बरोबर त्याच वेळी नळ उघडून पाहणार आहे.

स्टाफबद्दल एक शब्दही दोषाचा नाही, ‘संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई केली’ असंही नाही. काही मालकांना हे वाक्य कडक आणि प्रामाणिक वाटतं. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच दिसतं की मालक अंगावर आलेलं कर्मचाऱ्यावर ढकलतो. शिवाय ते वाक्य तुमचे बाकीचे कर्मचारीही वाचतात, आणि पुढच्या वेळी तक्रार लॉगबुकात लिहायला कचरतात. लॉगबुक कोरं राहिलं की पुढच्या रिव्ह्यूच्या वेळी तुमच्याकडे नोंदच नसेल.

पैसे, ईमेल आणि ओळख

पैसे परत द्यायचे की नाहीत, किती द्यायचे, हे उत्तर टाकण्याआधी ठरवा आणि ईमेल खरोखर आधी पाठवा. ‘लिहिलं आहे’ म्हणून नंतर विसरलं तर गेस्ट तो रिव्ह्यू संपादित करून ‘अजून ईमेल आलेला नाही’ अशी ओळ जोडतो, आणि त्यावर उत्तर नसतं. बुकिंग एखाद्या साइटमार्फत झालं असेल तर त्याच साइटच्या मेसेजमधून लिहा, तिथे नोंद राहते. रक्कम जाहीर उत्तरात नको. आकडा दिसला की चर्चा अंघोळीच्या पाण्यावरून रकमेवर जाते, आणि आरडाओरडा केला की पैसे मिळतात असंही कुणाला वाटू शकतं.

एक गोष्ट अगदी स्पष्ट ठेवा: पैसे परत करणं आणि रिव्ह्यू काढणं किंवा बदलणं यांची सांगड कधीही घालू नका, खासगी ईमेलमध्येही नाही. मोबदला देऊन वाईट रिव्ह्यू बदलून किंवा काढून घेणं गूगल आणि ट्रिपअ‍ॅडव्हायझर या दोघांच्याही नियमांत बसत नाही, आणि तशा ईमेलचा फोटो गेस्टने जाहीर केला तर मूळ तक्रारीपेक्षा तो जास्त नुकसान करतो. ईमेलमध्ये रिव्ह्यूचा उल्लेखच टाळा. चूक झाली, त्याचे हे पैसे, ते या खात्यावर अमुक दिवसांत दिसतील, एवढं पुरे.

हे सगळं गेस्ट कोण हे ठाऊक असेल तेव्हाचं. गूगलवर लोक टोपणनावाने लिहितात आणि बुकिंगशी नाव जुळत नाही. तेव्हा अंदाजाने एखाद्या गेस्टला ईमेल करू नका. तो दुसराच निघाला तर एकाची तक्रार दुसऱ्याला कळते. आणि ‘आमच्या नोंदीत आपलं नावच नाही’ असंही लिहू नका. त्यातून तुम्ही त्याला खोटा ठरवताय असाच सूर निघतो. पाणी आणि वास यांची तपासणी नाव कळल्याशिवायही करता येते. ती करा, वरच्यासारखंच उत्तर लिहा आणि शेवटची ओळ एवढीच बदला: ‘बुकिंग क्रमांकासह या ईमेलवर लिहिलंत तर मी स्वतः पैशांबद्दल बोलेन.’ पत्ता मालकाच्या नजरेखालचा द्या, कुणी न उघडणारा सर्वसाधारण पत्ता नको. अशा गेस्टची खोली तुम्हाला माहीत नसते, तेव्हा ‘त्याच खोलीत मोजलं’ याऐवजी ‘सगळ्यात लांबच्या खोलीत मोजलं’ असं खरं ते लिहा.

रिव्ह्यू सपशेल बनावट असेल, म्हणजे भलत्याच हॉटेलबद्दल असेल, प्रतिस्पर्ध्याने लिहिला असेल किंवा शिवीगाळ असेल, तर साइटवरून त्याची तक्रार करता येते. मात्र घडलं की नाही यावर तुमचं आणि गेस्टचं दुमत आहे, एवढ्या कारणाने गूगल रिव्ह्यू काढत नाही. त्यामुळे कडक पण खऱ्या रिव्ह्यूविरुद्ध तक्रार करण्यात दिवस घालवू नका. ते दिवस मोजमापात घाला.

टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर

मसुदा रात्री लिहिला असेल तर सकाळी टाका. त्याआधी तो दोघांना मोठ्याने वाचून दाखवा. एक, ज्याचा त्या रात्रीशी संबंध होता तो कर्मचारी. त्याला एखादी गोष्ट तथ्याला सोडून वाटली तर तो सांगेल. दुसरा, हॉटेलशी अजिबात संबंध नसलेला माणूस. त्याला फक्त एवढंच विचारा की गरम पाणी आता कधी मिळतं आणि वास का येत होता. दोन्ही उत्तरं त्याला न अडखळता देता आली नाहीत तर मसुदा अजून धूसर आहे.

उत्तर टाकल्यावर गूगल रिव्ह्यू लिहिणाऱ्याला तशी सूचना पाठवतं. त्यानंतर गेस्टने रिव्ह्यूत आणखी कडक भर घातली तर काय? नवी माहिती असेल तर ती तपासा आणि आहे त्याच उत्तरात एक-दोन वाक्यं वाढवा. नवीन काही नसेल, नुसता राग असेल, तर उत्तर तसंच राहू द्या. दोन्ही बाजूंची लांबत जाणारी जुगलबंदी वाचून कुणी बुकिंग करत नाही. त्याने तारे वाढवले तर तिथे आभाराची जाहिरात करू नका. ईमेलवर दोन ओळी लिहा.

हेच उत्तर पुढच्या रिव्ह्यूला चिकटवू नका. लोक एकापाठोपाठ सात-आठ रिव्ह्यू वाचतात आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा दिसलं की आधीचं नीट लिहिलेलं उत्तरही छापील वाटायला लागतं. गरम पाण्याची तक्रार पुन्हा आलीच तर जुनं कारण सांगण्याआधी पुन्हा पहाटे मोजा. वीज जाऊन आली की काही साध्या टायमरचं घड्याळ मागे पडतं आणि पंप गुपचूप उशिरा सुरू होऊ लागतो. आधीची दुरुस्ती न कळत पुसली जाते. तसं झालं असेल तर नव्या उत्तरात तेच लिहायचं: पंपाची वेळ आम्ही बदलली होती, वीज गेल्यावर टायमर मागे पडला, आता बॅटरीवर चालणारा टायमर बसवला आहे आणि रात्रपाळी रोज पावणेपाचला पंप सुरू आहे का ते पाहून लॉगबुकात सही करते.